कहर, काहार आणि वाजिब: साखरेचा करार इंडोनेशियन भाषेत नेताना काय बिघडतं?

२४ मे २०२२ रोजी केंद्र सरकारनं साखरेच्या निर्यातीबाबत एक आदेश काढला. १ जूनपासून साखर देशाबाहेर पाठवायची असेल तर साखर संचालनालयाची परवानगी घ्यावी लागेल, आणि त्या हंगामात एकूण १०० लाख टनांपर्यंतच साखर बाहेर जाऊ दिली जाईल, असं त्यात होतं. देशातले भाव वाढू नयेत हा हेतू होता.

सातारा आणि सांगली हे दोन्ही उसाचे जिल्हे. कराडपासून वाळवा, पलूस, कडेगावपर्यंत कारखान्यांची रांगच आहे. त्या काळात भारतीय साखर घेणाऱ्या सगळ्यात मोठ्या देशांमध्ये इंडोनेशिया होता. तिथल्या रिफायनऱ्या आपली कच्ची साखर घेतात आणि शुद्ध करून विकतात. म्हणजे एप्रिलमध्ये सौदा झालाय, माल जूनमध्ये जहाजावर चढायचाय, आणि मध्येच हा आदेश आला, अशी वेळ येणं अगदी शक्य होतं.

अशा वेळी विक्रेता म्हणतो, "सरकारनंच अडवलं, आमचा काय दोष?" खरेदीदार म्हणतो, "आदेशात बंदी कुठे आहे? परवानगी काढा आणि माल द्या." दोघंही करार उघडतात. इंग्रजी प्रतीत एक अट असते, शेजारच्या रकान्यात तिचंच इंडोनेशियन भाषांतर असतं. आणि कधी कधी त्या दोन रकान्यांत दोन वेगळी आश्वासनं दिलेली निघतात.

हे नेमकं कसं होतं, ते दोन अटींच्या आधारे पाहू. एक फोर्स मेज्योर, म्हणजे आवाक्याबाहेरचं संकट आल्यास काय करायचं याची अट. दुसरी इंडेम्निटी, म्हणजे ‘तुमच्यावर बालंट आलं तर त्याचा खर्च आम्ही उचलू’ ही हमी. शेअर सर्टिफिकेट हरवलं की कंपनी जो इंडेम्निटी बाँड लिहून घेते, त्यातली हमी ती हीच.

इंग्रजीत करार असताना इंडोनेशियन प्रत कशाला?

कारण तिथला कायदा तसं सांगतो. इंडोनेशियाच्या २००९ च्या २४ क्रमांकाच्या कायद्यातलं कलम ३१ म्हणतं, की करारात इंडोनेशियन कंपनी किंवा नागरिक असेल तर करार इंडोनेशियन भाषेत हवा. समोरचा पक्ष परदेशी असेल तर त्याच्या भाषेत किंवा इंग्रजीतही तो लिहिता येतो.

बरीच वर्षं लोकांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. मग नाइन एएम विरुद्ध बांगुन कार्या प्रातामा लेस्तारी हा खटला आला. एका अमेरिकन कंपनीनं इंडोनेशियन कंपनीला सुमारे ४४ लाख डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि करार फक्त इंग्रजीत होता. २०१३ मध्ये पश्चिम जकार्ताच्या जिल्हा न्यायालयानं तेवढ्याच कारणावरून करार रद्दबातल ठरवला. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. कर्जदाराच्या हाती सुटकेची वाटच आली.

पुढे धार थोडी कमी झाली. २०१९ च्या अध्यक्षीय नियमावलीनं सांगितलं, की दोन भाषांतल्या मजकुरात फरक निघाला तर कुठली भाषा खरी धरायची हे पक्षांनी करारातच ठरवावं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परिपत्रक काढलं, की नुसतं भाषांतर नाही म्हणून करार रद्द करता येणार नाही; भाषांतर न जोडण्यामागे एखाद्या पक्षाचा वाईट हेतू होता हे सिद्ध करावं लागेल. तरी ‘वाईट हेतू होता की नाही’ हा वाद कोर्टात घालण्यापेक्षा दोन रकान्यांचा करार करणं स्वस्त पडतं. त्यामुळे इंडोनेशियन प्रत राहिलीच.

इथे बरेच व्यापारी एक पळवाट सुचवतात: ‘फरक निघाल्यास इंग्रजी प्रत खरी’ एवढं लिहिलं की झालं. ते लिहावंच. पण तेवढ्यानं इंडोनेशियन रकाना बिनमहत्त्वाचा होत नाही. खरेदीदाराचा बंदरावरचा माणूस, त्याची बँक, त्याचा वकील तोच रकाना वाचून वागतात. वाद लंडनच्या किंवा सिंगापूरच्या लवादाकडे गेला, तरी निवाडा इंडोनेशियात वसूल करायचा तर १९९९ च्या लवाद कायद्यानुसार निवाड्याचं आणि कराराचं अधिकृत इंडोनेशियन भाषांतर मध्य जकार्ताच्या न्यायालयात द्यावं लागतं. शेवटी न्यायाधीशासमोर इंडोनेशियन शब्दच येतात.

एक सौदा समोर ठेवू

सोयीसाठी एक काल्पनिक सौदा घेऊ. सांगलीतला एक निर्यातदार आसपासच्या कारखान्यांकडून २०,००० टन कच्ची साखर उचलणार आहे. ती जयगड बंदरात जहाजावर चढवून द्यायची. जहाज ठरवणं आणि पुढचं भाडं खरेदीदाराकडे, म्हणजे पूर्व जावातल्या एका रिफायनरीकडे. करार एप्रिल २०२२ चा, माल जूनमध्ये.

इंग्रजी अट साधारण अशी: निर्यातीवरील बंदी किंवा निर्बंध, पूर, युद्ध अशा पक्षाच्या आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे काम अडलं, अवघड झालं किंवा लांबलं, तर ती घटना असेपर्यंत ते काम स्थगित राहील. पक्षानं ती अडचण दूर करण्यासाठी वाजवी प्रयत्न केले पाहिजेत. ६० दिवसांपेक्षा जास्त काळ तसंच राहिलं तर दुसरा पक्ष करार संपवू शकतो.

आता याचं भाषांतर करायचं.

पहिला प्रश्न नावाचाच. इंडोनेशियन भाषेत फोर्स मेज्योरसाठी दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. एक ‘केआदाआन मेमाक्सा’, म्हणजे भाग पाडणारी परिस्थिती. हा डच काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेच्या प्रचलित भाषांतरात आहे. दुसरा ‘केआदाआन काहार’, जो सरकारी खरेदीच्या नियमांत वापरला जातो. हा काहार आणि आपला ‘कहर’ एकाच अरबी मुळाचे. पावसानं कहर केला, असं आपण म्हणतो तोच.

दोन्हींपैकी कुठलाही शब्द चालतो, पण संपूर्ण करारात एकच ठेवावा. एका कलमात मेमाक्सा आणि दुसऱ्यात काहार आला की वकिलाला विचारायला जागा मिळते: दोन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या होत्या का? मराठीत निबंध लिहिताना एकच शब्द परत परत आला की मास्तर लाल शाई लावायचे. करारात उलटं आहे. तिथे तोच तो शब्द आला पाहिजे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाव लिहून भागत नाही. संहितेची कलमं १२४४ आणि १२४५ सांगतात, की अनपेक्षित आणि आपल्याकडे दोष न येणाऱ्या कारणामुळे काम झालं नाही, हे ज्यानं काम करायचं त्यानंच सिद्ध करावं. तसं केलं तर त्याला भरपाई द्यावी लागत नाही. करारातली यादी धूसर असेल तर कोर्ट या मूळ कसोटीकडे वळतं. त्यात ‘अनपेक्षित’ हा शब्द सांगलीकरांना जड जाऊ शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्याआधी २००५ आणि नंतर जुलै २०२१ मध्येही पूर आला. मग गोदामात पाणी शिरलं तर समोरचा विचारू शकतो: हे अनपेक्षित कसं? इंग्रजी अटीत ‘आवाक्याबाहेरची’ एवढंच म्हटलंय, ‘अनपेक्षित’ म्हटलेलं नाही. भाषांतरकारानं सवयीनं संहितेतला ‘तिदाक तेर्दुगा’, म्हणजे अनपेक्षित, हा शब्द घुसडला, तर पुराचं संरक्षण एका विशेषणानं पातळ होतं.

बंदी आणि निर्बंध

आपल्या सौद्यातला खरा पेच इथे आहे. घाईत केलेल्या भाषांतरात यादीत लिहिलं जातं ‘लारांगान एक्स्पोर’. लारांगान म्हणजे मनाई, बंदी. इंग्रजीत होतं ‘बंदी किंवा निर्बंध’. दुसरा शब्द गळला, कारण भाषांतरकाराला दोन्ही सारखेच वाटले.

पण मे २०२२ चा भारताचा आदेश बंदीचा नव्हता. साखर ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत गेली होती. परवानगी घेऊन माल जाऊ शकत होता. फक्त ‘लारांगान’ लिहिलेल्या प्रतीत सांगलीच्या निर्यातदाराला कलमाचा आधार मिळणं कठीण. बरोबर भाषांतरात ‘लारांगान आताउ पेम्बातासान एक्स्पोर’ हवं. ‘आताउ’ म्हणजे किंवा, ‘पेम्बातासान’ म्हणजे मर्यादा घालणं.

त्याच महिन्यात नाण्याची दुसरी बाजूही दिसली होती. इंडोनेशियानं २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी पुन्हा सुरू केली. ती खरोखरची ‘लारांगान’ होती, आणि अडकला होता भारतीय खरेदीदार. म्हणजे हे कलम आपल्याला सोयीचं व्हावं म्हणून वाकवण्यात अर्थ नाही. आज विक्रेता असलेला उद्या खरेदीदाराच्या जागी असतो.

सुटका की स्थगिती?

इंग्रजी अट म्हणते, काम ‘स्थगित’ राहील. इंडोनेशियन करारांत मात्र एक तयार वाक्य फार दिसतं: पक्ष आपल्या जबाबदारीतून ‘दिबेबास्कान’ होईल. बेबास म्हणजे मोकळा. दिबेबास्कान म्हणजे मोकळा केला गेला. इंग्रजीतही काही करारांत ‘माफ’ अशा अर्थाचा शब्द असतो, त्याचंही भाषांतर असंच होतं.

फरक पैशात पाहा. समजा निर्यातदाराला परवानगी जुलैच्या मध्यात मिळाली आणि तोवर भाव चढला. स्थगितीच्या अर्थानं वाचलं तर घटना संपली, आता २०,००० टन जुन्याच भावानं द्यायचे. मोकळीक या अर्थानं वाचलं तर निर्यातदार म्हणेल, जूनमध्येच मी सुटलो, आता ही साखर दुसऱ्याला चढ्या भावानं विकेन. टनामागे फक्त २० डॉलरचा फरक धरला तरी २०,००० टनांवर ४ लाख डॉलर होतात. हे सगळं एका क्रियापदावर.

बरोबर शब्द आहे ‘दितांगुहकान’, म्हणजे पुढे ढकललं, आणि सोबत ‘सेलामा’, म्हणजे जोवर घटना चालू आहे तोवर. पामतेलाची बंदी २५ दिवस चालली. ६० दिवसांची मर्यादा असलेल्या करारात ती संपताच माल द्यायची जबाबदारी पुन्हा उभी राहते. ‘दिबेबास्कान’ लिहिलेल्या करारात पहिल्याच दिवशी वाद सुरू होतो.

६० दिवसांनंतर करार संपवण्याच्या वाक्याचीही एक गंमत आहे. इंडोनेशियन संहितेचं कलम १२६६ म्हणतं, की समोरच्यानं काम केलं नाही म्हणून करार मोडायचा तर न्यायालयाकडे जावं लागतं. म्हणून तिथले वकील करारात एक वाक्य हमखास घालतात, की पक्षांनी कलम १२६६ बाजूला ठेवलं आहे. इंग्रजी रकान्यात हे वाक्य आपल्याला विनाकारण घातल्यासारखं वाटतं आणि कुणीतरी ते काढायला सांगतं. ते काढलं, तर आपल्या बाजूनं करार संपवायचा अधिकार कोर्टाच्या दारात अडकू शकतो.

‘अडलं’ आणि ‘अवघड झालं’ यांत किती अंतर?

याचं उत्तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलंय, आणि तेही इंडोनेशियाच्याच निमित्तानं. गुजरातमधल्या मुंद्रा इथले वीज प्रकल्प इंडोनेशियन कोळशावर चालणार होते. इंडोनेशियानं नियम बदलून कोळसा बाजारभावाशी बांधला आणि तो महागला. वीज कंपन्यांचं म्हणणं होतं, की हे फोर्स मेज्योर आहे. ११ एप्रिल २०१७ रोजी एनर्जी वॉचडॉग खटल्यात न्यायालयानं ते नाकारलं. करारातली व्याख्या होती, काम ‘रोखणाऱ्या किंवा अटळपणे लांबवणाऱ्या’ घटनेची. कोळसा महागल्यानं काम तोट्याचं झालं, पण रोखलं गेलं नाही. शिवाय इंधन महागणं हे कारण त्या करारानं स्पष्टपणे वगळलेलं होतं.

आपल्या साखरेच्या अटीत तीन पायऱ्या आहेत: अडलं, अवघड झालं, लांबलं. इंडोनेशियन भाषेत त्या ‘तेर्हालांग’, ‘तेर्हाम्बात’ आणि ‘तेर्तुन्दा’ अशा वेगळ्या ठेवता येतात. पहिले दोन शब्द कानाला इतके जवळचे वाटतात, की भाषांतरकार एकानंच काम भागवतो. मग परवानगीच्या रांगेत अडकलेला, म्हणजे पूर्ण न अडवलेला पण अवघड झालेला निर्यातदार संरक्षणाबाहेर पडतो. उलटही होतं. मूळ अटीत फक्त ‘अडलं’ असताना भाषांतरात ‘तेर्हाम्बात’ जोडलं, तर विक्रेत्याला न ठरलेली सवलत मिळते.

इंडेम्निटी: तीन शब्द, तीन वेगळ्या जबाबदाऱ्या

फोर्स मेज्योरमध्ये निदान शब्द तरी तयार आहे. इंडेम्निटीला इंडोनेशियन कायद्यात जुळणारं घरच नाही. ही कल्पना इंग्रजी कायद्यातली. तिथून ती आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १२४ मध्ये आली. इंडोनेशियाची संहिता डच-फ्रेंच घराण्यातली.

आपल्याकडे तिचा अर्थ किती पुढे गेलाय हे समजायला मुंबई उच्च न्यायालयाचा १९४२ चा निकाल पाहावा: गजानन मोरेश्वर पारेलकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री. पारेलकरांच्या नावे महापालिकेकडून घेतलेला भूखंड होता. त्यावर मंत्रींनी बांधकाम केलं आणि त्या मालाच्या उधारीपोटी पारेलकरांनी भूखंड गहाण टाकला. बदल्यात मंत्रींनी सगळ्या देण्यातून सोडवायचं वचन दिलं आणि ते पाळलं नाही. प्रश्न असा, की पारेलकरांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरल्याशिवाय त्यांना दावा करता येईल का? न्यायमूर्ती छागलांनी सांगितलं, येईल. देणं पक्कं झालं असेल तर आधी स्वतः भरून भिकेला लागायची गरज नाही. हमी देणाऱ्यानंच ते फेडावं किंवा त्याची सोय करावी, असं मागता येतं.

आता आपल्या सौद्यातली इंडेम्निटी पाहू. जयगडला साखर वेळेत चढली नाही आणि जहाज खोळंबलं, तर जहाजमालक दर दिवसाचं खोळंबा-भाडं मागतो. ते तो मागणार खरेदीदाराकडे, कारण जहाज त्यानं ठरवलंय. म्हणून खरेदीदारानं लिहून घेतलं, की विक्रेत्यामुळे झालेल्या खोळंब्यापोटी तिसऱ्या कुणीही दावा केला तर त्यापासून खरेदीदाराला विक्रेता झळ लागू देणार नाही आणि त्याचं नुकसान भरून देईल.

पहिला सहज सुचणारा शब्द ‘गांती रुगी’. शब्दशः नुकसानाचा बदला, म्हणजे भरपाई. पण संहितेच्या कलम १२४३ मध्ये भरपाई येते ती करारभंगाबद्दल, आणि तीही समोरच्याला चूक दाखवून देणारी नोटीस दिल्यावर. कलम १२४७ नुसार सर्वसाधारणपणे करार करताना दिसू शकत होतं तेवढंच नुकसान मिळतं. म्हणजे नुसतं ‘गांती रुगी’ लिहिलं की दावा करण्याआधी भंग, नोटीस आणि अंदाज अशा तीन पायऱ्या उभ्या राहू शकतात. मूळ इंडेम्निटीत त्या नव्हत्या. खोळंब्याच्या या उदाहरणात भंग दाखवणं सोपं असेल, पण कामगारांच्या संपामुळे उशीर झाला तर?

दुसरा शब्द ‘पेनांगुंगान’. तांगुंग म्हणजे अंगावर घेणं, त्यामुळे ऐकायला अगदी चपखल. पण कायद्यात पेनांगुंगान म्हणजे जामीनकी. पतसंस्थेच्या कर्जाला आपण जामीन राहतो ती. संहितेच्या कलम १८३१ प्रमाणे जामीनदार म्हणू शकतो, आधी मूळ कर्जदाराची मालमत्ता विकून पाहा, उरलं तर माझ्याकडे या. इंडेम्निटी देणारा स्वतःच थेट बांधील असतो. त्याला असं ‘आधी त्याच्याकडे जा’ म्हणता येत नाही. इथे एक शब्द बदलला आणि विक्रेता पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला.

तिसरा ‘मेम्बेबास्कान’, मोकळं करणं. हा उपयोगी आहे, पण अपुरा. ‘विक्रेता खरेदीदाराला दाव्यांतून मोकळं करतो’ एवढंच लिहिलं, तर असं वाचता येतं, की विक्रेता स्वतः खरेदीदारावर दावा करणार नाही. जहाजमालकाचं काय? म्हणून ‘पिहाक केतिगा’, म्हणजे तिसरा पक्ष, हे शब्द वाक्यात हवेतच.

जाणकार भाषांतरकार इथे एका शब्दाचा नाद सोडतो आणि वाक्य उलगडून लिहितो: ‘पेन्जुआल वाजिब मेंगांती केरुगिआन पेम्बेली दान मेम्बेबास्कान पेम्बेली दारी तुन्तुतान पिहाक केतिगा’. विक्रेत्यानं खरेदीदाराचं नुकसान भरून दिलंच पाहिजे आणि तिसऱ्या पक्षाच्या दाव्यांपासून त्याला मोकळं ठेवलंच पाहिजे. मूळ अट भंगावर अवलंबून नसेल तर पुढे ‘बाइक आदा माउपुन तिदाक आदा वानप्रेस्तासी’ असं जोडायचं, म्हणजे करारभंग असो वा नसो. ‘वानप्रेस्तासी’ हा डचमधून आलेला, करारभंगासाठी तिथला नेहमीचा शब्द. पैसे भरण्याआधीच हमी मागता येते की नंतर, हेही इंग्रजीत लिहिलं असेल तर इथे उतरलं पाहिजे. कारण इंडोनेशियन न्यायाधीशासमोर छागलांचा निकाल नसतो, फक्त वाक्य असतं.

वाजिब आणि वाजवी

वरच्या वाक्यात ‘वाजिब’ आलाय, त्याच्यापाशी मराठी माणसानं जरा थांबावं. आपला ‘वाजवी’ याच अरबी शब्दापासून आला, पण अर्थ झाला योग्य, रास्त. इंडोनेशियन वाजिब म्हणजे बंधनकारक. आपला वाजवी तिथे ‘वाजार’ आहे. म्हणून ‘वाजवी प्रयत्न’ हे ‘उपाया यांग वाजार’ होतं. परवानगीसाठी विक्रेत्यानं किती धावपळ करायची, ते याच शब्दावर ठरतं. तिथे वाजार गळला आणि नुसतं ‘प्रयत्न वाजिब’ राहिलं, तर काय वाट्टेल ते करून परवानगी आणा, असा अर्थ काढता येतो.

इंडोनेशियानं कायदे लिहिण्याच्या पद्धतीसाठी २०११ मध्ये १२ क्रमांकाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात हे शब्द वाटूनच दिलेत: ‘वाजिब’ बंधनासाठी, ‘हारुस’ एखादी पूर्वअट पुरी करण्यासाठी, ‘दापात’ मुभेसाठी, ‘दिलारांग’ मनाईसाठी. ही वाटणी कायद्यांसाठी आहे, खासगी करारांवर सक्ती नाही. पण चांगले भाषांतरकार तीच पाळतात. घाईतले भाषांतरकार ‘आकान’ लिहितात. आकान म्हणजे नुसता भविष्यकाळ. ‘विक्रेता भरपाई देईल’ यात वचन आहे की अंदाज, हे मराठीतही नक्की कळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक नकाराची. इंग्रजीत ‘विक्रेत्यानं हा माल दुसऱ्याला विकता कामा नये’ असं असतं. इंग्रजी क्रियापदाला वाजिब आणि नकाराला तिदाक, असा हिशेब करून कुणीतरी लिहितं ‘तिदाक वाजिब’. त्याचा अर्थ होतो, ‘बंधन नाही’. मनाईची मुभा झाली. तिथे ‘दिलारांग’ किंवा ‘तिदाक बोलेह’ हवं.

भाषा येत नसेल तर तपासायचं कसं?

सांगलीच्या मार्केट यार्डात इंडोनेशियन भाषा जाणणारा माणूस शोधायला जाणं काही खरं नाही. तरी बरंच तपासता येतं. इंग्रजी अट घेऊन प्रत्येक वाक्यासाठी मराठीत सहा गोष्टी लिहायच्या: कोणी, कोणासाठी, काय करायचं, कशामुळे ते सुरू होतं, कधीपर्यंत चालतं, आणि अपवाद काय. मग इंडोनेशियन प्रत अशा दुसऱ्या भाषांतरकाराकडे द्यायची, ज्यानं इंग्रजी प्रत पाहिलेलीच नाही. त्याच्याकडूनही तेच सहा रकाने भरून घ्यायचे. संपूर्ण उलट भाषांतर मागवलं की गुळगुळीत इंग्रजी मिळतं आणि चुका त्यात झाकल्या जातात. रकान्यांत त्या लपत नाहीत.

आपल्या सौद्यात हे केलं असतं तर पहिल्या कागदावर ‘कधीपर्यंत’ या रकान्यात आलं असतं: ‘आदेश असेपर्यंत, फार तर ६० दिवस’. दुसऱ्या कागदावर तोच रकाना रिकामा राहिला असता, कारण ‘दिबेबास्कान’ झालेल्या माणसाला मुदत नसते. ‘कशामुळे’ या रकान्यात एकीकडे बंदी किंवा निर्बंध, दुसरीकडे नुसती बंदी. इंडेम्निटीच्या ओळीत ‘कोणाचा दावा’ हे एकीकडे जहाजमालकासह कोणीही तिसरा, दुसरीकडे फक्त विक्रेता.

ही तपासणी सहीच्या आधी करायची. सहीनंतर फरक सापडला तर दोन्ही रकाने एकत्र दुरुस्त करणारं पूरक पत्र लागतं, आणि त्यावर समोरच्याचीही सही लागते. भाव चढलेला असताना ती सही मिळेलच असं नाही.